विश्लेषण: क्लाउड किचन की चार टेबलांची खाणावळ? घरगुती स्वयंपाकातून व्यवसाय सुरू करताना हिशेब नेमका कुठे चुकतो?

घरून डबे देणाऱ्या, सणासुदीला पुरणपोळ्यांच्या ऑर्डरी घेणाऱ्या अनेक सुगरणींसमोर एका टप्प्यावर हा प्रश्न येतोच. घरची शेगडी पुरेनाशी होते, सोसायटीत कुरबुर सुरू होते आणि जागा भाड्याने घ्यायची वेळ येते. मग दोन सल्ले मिळतात. एक म्हणजे मागच्या गल्लीत स्वस्त गाळा घेऊन फक्त घरपोच ऑर्डरी घ्यायच्या, म्हणजेच क्लाउड किचन. दुसरा म्हणजे रस्त्यालगत चार टेबले टाकून छोटी खाणावळ सुरू करायची. पहिला पर्याय कमी भांडवलाचा म्हणून कमी जोखमीचा, असा सर्वसाधारण समज आहे. भांडवलापुरता तो खरा आहे. पण महिनाअखेरीस हातात किती उरते, हे पाहिले की चित्र बदलते.

एका ऑर्डरमागे हातात किती उरतात?

उदाहरण म्हणून पुण्याच्या उपनगरातील एक गृहिणी घेऊ. तिच्या हाताला थालीपीठ, मटकीची उसळ, मसालेभात आणि भाकरी-पिठले यांची चव आहे. पुढील सर्व आकडे नमुन्यादाखल आहेत. भाडे आणि पगार प्रत्येक भागात वेगळे असतात. मात्र हिशेबाची रीत सगळीकडे तीच राहते.

समजा, अन्न घरपोच देणाऱ्या अॅपवर तिची सरासरी ऑर्डर २५० रुपयांची आहे. नवीन स्वयंपाकघर यादीत वर दिसावे म्हणून ती १० टक्के सवलत देते आणि ही सवलत तिच्याच खिशातून जाते. राहिले २२५ रुपये. अॅपचे कमिशन करारानुसार वेगवेगळे असते. इथे २५ टक्के धरले तर ५६ रुपये गेले. या कमिशनवर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे आणखी १० रुपये. रेस्टॉरंट सेवेवरील ५ टक्के कर इनपुट टॅक्स क्रेडिटशिवाय असल्याने हे १० रुपये तिला कुठेही वळते करून घेता येत नाहीत. त्यामुळे कागदावर २५ टक्के दिसणारे कमिशन प्रत्यक्षात साडेएकोणतीस टक्क्यांना पडते. करारावर सही करताना ही गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

आता उरले १५९ रुपये. अॅपवरील जाहिरातीचा खर्च ऑर्डरमागे १० रुपये, डबे-पिशव्या-टेप यांचे १८ रुपये, किराणा-भाजी-तेल यांचे ८० रुपये आणि गॅसचे ८ रुपये वजा केले की हातात येतात ४३ रुपये. अडीचशेच्या ऑर्डरमागे त्रेचाळीस. यातूनच भाडे, मदतनिसाचा पगार, वीज आणि स्वतःचा मेहनताना निघायचा आहे.

गाळ्याचे भाडे १५ हजार, एका मदतनिसाचे १४ हजार, वीज ४ हजार आणि इंटरनेट, सफाई, किरकोळ दुरुस्ती मिळून ३ हजार, असा महिन्याचा ठरलेला खर्च ३६ हजार रुपये होतो. तो भागवायलाच रोज २८ ऑर्डरी लागतात. स्वतःसाठी २५ हजार रुपये काढायचे असतील तर रोज ४७, तेही महिन्याचे तीसही दिवस.

इथे सवलतीचा आकडा किती नाजूक आहे ते पाहण्यासारखे आहे. समोरच्या स्वयंपाकघराने २० टक्के सूट लावली म्हणून हिनेही तेवढीच लावली, तर एका ऑर्डरमागे हातात ४३ ऐवजी सुमारे २५ रुपये राहतात. तेच २५ हजार कमवायला मग रोज ८१ ऑर्डरी द्याव्या लागतील. सवलत दुप्पट झाली की काम पावणेदोनपट होते. ऑर्डरी वाढल्याचा आनंद आणि बँकेतील शिल्लक घटण्याचे कोडे हे दोन्ही एकाच महिन्यात अनुभवाला येते, त्याचे कारण हेच.

खाणावळीचा हिशेब कसा वेगळा?

त्याच भागात रस्त्याकडेला अडीचशे-तीनशे चौरस फुटांचा गाळा, चार टेबले, सोळा खुर्च्या. भाडे ३५ हजार. स्वयंपाकघरात एक मदतनीस, वाढायला एक माणूस आणि भांड्यांना अर्धवेळ बाई मिळून पगार ३४ हजार. वीज ६ हजार, इतर ५ हजार. एकूण ८० हजार रुपये, म्हणजे क्लाउड किचनच्या दुपटीहून जास्त. हा आकडा पाहूनच बरेच जण मागे फिरतात.

पण इथे एक माणूस १२० रुपयांचे जेवला तर त्यातून जिन्नसांचे ४२, गॅसचे ४ आणि धुणे-पुसणे, कागदी रुमाल वगैरेंचे ४ रुपये जातात. ७० रुपये हातात राहतात. कमिशन नाही, डबा नाही. आठवड्याची सुट्टी धरून महिन्याचे २६ दिवस मोजले तर खर्च भागायला रोज ४४ माणसे आणि स्वतःचे २५ हजार सुटायला रोज ५८ माणसे जेवायला हवीत. सोळा खुर्च्यांवर दुपार-रात्र मिळून प्रत्येक खुर्ची चारदा भरली की हे जमते. दुपारी दोन पंगती आणि रात्री दोन पंगती, असे म्हटले तर कल्पना लवकर येईल.

दोन्ही हिशेब शेजारी ठेवले की एक गोष्ट ठळक होते. तेवढेच २५ हजार मिळवायला क्लाउड किचनला महिन्याला सवातीन लाखांच्या आसपास विक्री करावी लागते, खाणावळीला १ लाख ८० हजारांची. म्हणजे क्लाउड किचनमध्ये भाडे वाचते, पण त्या वाचलेल्या भाड्यापेक्षा अधिक रक्कम प्रत्येक ऑर्डरमधून थोडी थोडी करून बाहेर जाते. भाडे एकदाच आणि घसघशीत द्यावे लागते म्हणून ते डोळ्यांत भरते. कमिशन आधीच कापून घेतले जाते, त्यामुळे ते खर्च वाटतच नाही.

याचा अर्थ खाणावळच बरी असा नाही. गिऱ्हाईक आले नाही तर खाणावळ रोजचे तीन हजार रुपये गिळते आणि क्लाउड किचन बाराशे. शिवाय खाणावळ बंद करावी लागली तर फर्निचर, फरशी, पाटी, रंगकाम यांवर घातलेले पैसे जवळपास बुडतात. क्लाउड किचनमधील शेगडी, फ्रीजर आणि स्टीलची टेबले निदान निम्म्या किमतीला विकता येतात. पहिल्या सहा महिन्यांचा तोटा सोसायला गाठीशी काय आहे, हा प्रश्न म्हणूनच चवीच्या आधी विचारावा लागतो.

पदार्थ चाळीस मिनिटे टिकतो का?

आकड्यांइतकेच महत्त्वाचे, पण या चर्चेत क्वचितच येणारे म्हणजे पदार्थाचा स्वभाव. मराठी घरातील पुष्कळसे पदार्थ तव्यावरून थेट ताटात पडण्यासाठीच जन्मले आहेत. थालीपीठ बंद डब्यात ठेवले की स्वतःच्याच वाफेने दहा मिनिटांत लिबलिबीत होते. साबुदाणा वड्याचा कुरकुरीतपणा जातो. साबुदाण्याची खिचडी गार झाली की तिचा गोळा बसतो, पिठले घट्ट होते. ज्वारीची भाकरी प्लास्टिकच्या डब्यात ओलसर होते आणि उघडी ठेवली तर कडक.

उलट मसालेभात, मटकीची उसळ, आमटी, पुरणपोळी, वांग्याची रस्साभाजी हे पदार्थ प्रवासाला पक्के. उसळ तर तासाभराने अधिक मुरते. मिसळीचे मधले आहे. कट, मोड आलेली मटकी, फरसाण आणि पाव वेगवेगळे बांधले तर ती छान पोहोचते. एकत्र बांधली तर फरसाणाचा लगदा होतो आणि गिऱ्हाईक अॅपवर एक तारा देऊन मोकळे होते.

याची परीक्षा घरीच, विनाखर्च करता येते. पदार्थ नेहमीच्या डब्यात भरायचा, पिशवी बांधायची, दुचाकीला अडकवून चार-पाच किलोमीटरची फेरी मारून यायचे आणि एकूण चाळीस मिनिटांनी डबा उघडून घरातल्या सर्वांत खवट माणसाला खायला द्यायचे. ‘गरम असताना छान लागत असेल’ असे उत्तर आले तर तो पदार्थ अॅपच्या यादीतून काढावा. थालीपीठासारख्याला थोडे वाचवता येते. जाळीवर दोन मिनिटे वाफ जाऊ द्यायची, खाली कागद घालायचा, भोके असलेला पुठ्ठ्याचा डबा वापरायचा, लोणी वेगळे द्यायचे. पण ही दोन मिनिटे प्रत्येक ऑर्डरमागे जातात आणि पुठ्ठ्याचा चांगला डबा महागही पडतो.

ज्या सुगरणीची ओळखच तव्यावरच्या पदार्थांची आहे, तिने क्लाउड किचन घेणे म्हणजे आपली सर्वांत चांगली वस्तू दुकानाबाहेर ठेवण्यासारखे आहे. तिला चार टेबले हवीत. रस्साभाज्या, भात आणि गोडाचे पदार्थ ही जिची खासियत, तिला टेबलांची गरज कमी.

गर्दीचा तास कोण सांभाळणार?

रोज ४७ ऑर्डरी हा आकडा दिवसभरात पसरलेला नसतो. दुपारी साडेबारा ते दोन आणि रात्री आठ ते दहा यांतच बहुतेक ऑर्डरी येतात. रात्री साडेआठ ते साडेनऊ या एका तासात पंधरा ऑर्डरी आल्या आणि प्रत्येकीत दोन थालीपीठे असली तर तीस थालीपीठे लागतील. एका थालीपीठाला सहा मिनिटे आणि मोठ्या तव्यावर एका वेळी दोन, असे धरले तर एका तव्याची ताकद तासाला वीस. दहा थालीपीठे कुठून आणणार? दुसरा तवा म्हणजे दुसरी शेगडी आणि दुसरा थापणारा हात.

खाणावळीतही गर्दी होते, पण तिथे बसलेल्या माणसाला तवा दिसतो. ‘दोन मिनिटं थांबा दादा, गरम देते’ म्हटले की तो ताकाचा पेला घेऊन थांबतो. अॅपवर घड्याळ चालू असते, दारात डिलिव्हरीचा मुलगा उभा असतो आणि उशीर किंवा रद्द ऑर्डरीचा परिणाम मानांकनावर होतो. मानांकन घसरले की यादीत नाव खाली जाते, मग वर येण्यासाठी पुन्हा जाहिरात आणि सवलत. त्यामुळे सुरुवातीला यादी दहा-बारा पदार्थांचीच ठेवावी आणि त्यातही तव्याचे पदार्थ दोनपेक्षा जास्त नसावेत. अॅपवर गर्दीच्या वेळी एखादा पदार्थ तात्पुरता बंद करण्याची सोय असते. ती वापरण्यात कमीपणा नाही.

गिऱ्हाईक कोणाचे?

अॅपवरून मागवणारा माणूस स्वयंपाकघराचा की अॅपचा, हा या व्यवसायातला खरा वाद आहे. त्याचा फोन नंबर सहसा स्वयंपाकघराकडे येत नाही. पुढच्या आठवड्यात त्याला दुसरीकडे सूट दिसली की तो तिकडे जातो. पैसेही रोजच्या रोज नव्हे, तर साधारण आठवड्याने कापून-छाटून खात्यात येतात, भाजी मात्र रोज रोखीने आणावी लागते. म्हणून निदान दहा-पंधरा दिवसांच्या मालाचे पैसे वेगळे ठेवावे लागतात.

खाणावळीत याच्या उलट शक्यता असते. सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांच्या मेस अनेक वर्षे चालत आल्या आहेत त्या महिन्याच्या आगाऊ पैशांवर. पहिल्या तारखेला पैसे हातात, रोज किती पाने मांडायची हे आधीच ठाऊक, त्यामुळे अन्न वाया जाणे कमी. अडचणी तिथेही आहेत. खाडे किती आणि त्यांचे पैसे कापायचे की नाही यावरून महिनाअखेरीस कटकट होते आणि दिवाळीत व मे महिन्यात अर्धी मुले गावी जातात. दहा महिन्यांच्या कमाईत बारा महिन्यांचे भाडे बसवावे लागते. वसतिगृहे, रुग्णालय किंवा छोट्या कचेऱ्या चालत पोहोचता येतील अशा अंतरावर असतील तर चार टेबलांना अर्थ आहे. हिंजवडीच्या बाजूला रात्री उशिरा दमून घरी पोहोचणारे जोडपे मात्र खाली उतरून खाणावळीत येणार नाही. ते गिऱ्हाईक घरपोचचेच.

क्लाउड किचनला वाचवणारी गोष्ट म्हणजे थेट ऑर्डर. ओळखीच्या गिऱ्हाइकाने व्हॉट्सअॅपवर सांगितले आणि स्वतः येऊन नेले, तर तीच ऑर्डर २२० रुपयांना देऊनही डबा, जिन्नस आणि गॅस जाता ११४ रुपये हातात राहतात. अॅपवरच्या अडीच ऑर्डरींहून ही एक ऑर्डर मोलाची. रोजच्या ४७ पैकी फक्त दहा अशा असल्या तरी महिन्याला ३४ हजारांच्या वर रक्कम येते, म्हणजे ठरलेला खर्च जवळपास तिथेच निघतो. जिच्याकडे आधीच डब्याची वीस-पंचवीस घरे आहेत, तिची खरी ठेव हीच आहे. जागा बदलताना ती घरे तुटू न देणे हे अॅपवर नाव नोंदवण्यापेक्षा तातडीचे काम. मागच्या गल्लीतील गाळ्याला रस्त्याकडे उघडणारी एक खिडकी असेल तर भाडे हजार-दोन हजारांनी जास्त असले तरी तो घ्यावा. पार्सल काउंटर तिथूनच चालतो.

परवाने कोणते आणि कर कोणी भरायचा?

अन्न विकायचे तर ते घरातून असो वा गाळ्यातून, एफएसएसएआयची नोंदणी किंवा परवाना लागतोच. वार्षिक उलाढालीनुसार यांपैकी काय लागेल ते ठरते आणि अर्ज foscos.fssai.gov.in या संकेतस्थळावर करता येतो. मिळालेला १४ अंकी क्रमांक बिलावर छापणे १ जानेवारी २०२२ पासून बंधनकारक आहे. महाराष्ट्रात कामगारांची संख्या ठरावीक मर्यादेपेक्षा कमी असेल तर दुकाने व आस्थापना कायद्याखाली फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. याशिवाय महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे चौकशी करावी. बसून खाण्याची सोय असेल तर तिथल्या अटी वाढतात. घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर व्यवसायासाठी वापरणे बेकायदा आहे. १९ किलोचा व्यावसायिकच घ्यावा लागतो. घरून डबे देताना गॅसचा खर्च कमी भासत असेल तर नव्या जागेचा हिशेब त्या आकड्यावर करू नये.

जीएसटीबाबत बराच गोंधळ आहे. १ जानेवारी २०२२ पासून अॅपवरून गेलेल्या जेवणावरील ५ टक्के कर अॅप कंपनीच गोळा करून सरकारजमा करते. त्यामुळे ‘आपल्याला जीएसटीशी देणेघेणे नाही’ असा समज होतो. प्रत्यक्षात नोंदणीची २० लाख रुपयांची मर्यादा मोजताना अॅपवरील विक्रीही धरली जाते. वरच्या उदाहरणातील क्लाउड किचन वर्षाला ३८ लाखांच्या पुढे जाते, खाणावळही साडेएकवीस लाखांच्या आसपास पोहोचते. म्हणजे २५ हजारांची साधी कमाई होऊ लागली की दोन्हीकडे नोंदणी आलीच. खाणावळीला हा कर स्वतः भरावा लागतो. १२० रुपयांची थाळी १२६ ची करायची की सहा रुपये आपल्या ७० मधून सोडायचे, हे सुरुवातीलाच ठरवून दर छापावेत. गिऱ्हाईक सवयीचे झाल्यावर दर वाढवणे अवघड जाते.

भाडेकरारात काय पाहावे?

गाळा व्यावसायिक वापराचा आहे का, सांडपाण्याची वाट कुठे जाते, धुराडे वरपर्यंत नेऊ देतील का आणि वीजजोडणीचा भार फ्रीजर व मिक्सर सोसेल का, हे पैसे देण्याआधी डोळ्यांनी पाहायचे. धूर आणि फोडणीचा वास यांवरून वरच्या मजल्यावरचे रहिवासी तक्रार करतात आणि बंद पडलेल्या कित्येक छोट्या स्वयंपाकघरांची गोष्ट अशा तक्रारीपासून सुरू होते. क्लाउड किचनच्या दारात रात्री नऊ वाजता पाच-सहा दुचाक्या उभ्या राहणार, हेही मालकाला आधी सांगितलेले बरे.

महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृतच असावा लागतो. त्यात ‘लॉक-इन’ किती महिन्यांचे आहे ते आधी वाचावे. तीन वर्षांचा करार आणि त्यात बारा महिन्यांचे लॉक-इन असेल, तर पाचव्या महिन्यात धंदा बसला तरी उरलेल्या सात महिन्यांचे भाडे मालक मागू शकतो. ३५ हजारांच्या गाळ्याला ती रक्कम २ लाख ४५ हजार होते, १५ हजारांच्या गाळ्याला १ लाख ५ हजार. लॉक-इन तीन ते सहा महिन्यांवर आणण्यासाठी घासाघीस करावी. त्यासाठी भाड्यात हजारभर रुपये जास्त द्यावे लागले तरी चालतील. गाळा न घेता आधी अंदाज घ्यायचा असेल, तर एखाद्या चालू खाणावळीचे स्वयंपाकघर तिच्या सुट्टीच्या वेळेत, म्हणजे दुपारी चार ते सात किंवा साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, तासाने भाड्याने मिळते का ते विचारून पाहावे. तिथून महिनाभर फक्त चार पदार्थ विकून ऑर्डरमागे प्रत्यक्ष किती रुपये उरतात ते वहीत लिहावे. वर धरलेल्या ४३ आणि ७० च्या जागी मग स्वतःचे आकडे घालता येतील.